निम्मे

शनिवारी सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर कडीला औषधाच्या दुकानातली ती छोटी खाकी कागदी पिशवी अडकवलेली होती. आत शंभराची एक आणि पन्नासाची एक नोट. पिशवीवर बॉलपेननं नीटस अक्षरात लिहिलेलं: 'गुरुवारचे. ड्रेसिंग पूर्ण झालं नाही म्हणून निम्मे.' खाली सही नव्हती, पण अक्षर मी ओळखते. समोरच्या विंगमधल्या काकूंच्या सूनबाईचं. सोसायटीच्या वर्गणीच्या पावत्या तीच लिहिते. मी दुधाची पिशवी हातात धरून तिथेच उभी राहिले. राग आला होता असं म्हणता येणार नाही. लाज वाटल्यासारखं झालं, आणि कशाची लाज ते कळेना. पैसे मी पर्समध्ये टाकले नाहीत. ड्रेसिंगच्या बॅगेला बाहेरून एक कप्पा आहे, त्यात ती पिशवी तशीच ठेवली आणि चहा टाकायला आत गेले. चहा उतू गेला.

मी जीएनएम झालेली नर्स. बावीस वर्षं वॉर्डात काढली, त्यातली जवळजवळ सगळी सर्जरीच्या बाजूला. आता सकाळी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात जाते आणि दुपारनंतर आमच्या सिंहगड रस्त्यावरच्या या सोसायटीत, फार तर शेजारच्या दोन सोसायट्यांत, कुणाला इंजेक्शन, कुणाचं ड्रेसिंग, कुणी ऑपरेशन होऊन घरी आलं असेल तर पहिले काही दिवस बघायला जाणं, असं चालतं. पाटी नाही. लिफ्टमध्ये, जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी लोक विचारतात, "सिस्टर, संध्याकाळी याल का?" काकांकडे जायला लागले तेही असंच. काकांना अल्सर फुटून मध्यरात्री दवाखान्यात न्यावं लागलं आणि बुधवारी पहाटे पोट उघडून ऑपरेशन झालं. बेंबीच्या वरून खालपर्यंत उभा छेद. पाचव्या दिवशी, सोमवारी, घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं होतं, एक दिवसाआड ड्रेसिंग, चौदाव्या दिवशी टाके काढायला या.

मंगळवारी मी गेले तेव्हा सगळं ठीक होतं. जखमेच्या खालच्या टोकाशी गॉझवर रुपयाएवढा पिवळसर डाग, बाकी कोरडं. जुनं ड्रेसिंग काढलं की मी आधी वास घेते. काकूंना ते विचित्र वाटलं असावं, पण पू डोळ्यांना दिसायच्या आधी पुष्कळदा नाकाला कळतो. वास नव्हता. टाक्यांच्या कडा लाल नव्हत्या, बोटाच्या पाठीनं स्पर्श केला तर गरम लागत नव्हत्या. हातमोजे बदलले, नॉर्मल सलाईननं वरून खाली एकेका बोळ्यानं पुसलं, एकदा फिरवलेला बोळा परत जखमेवर नेला नाही, वर गॉझ आणि पॅड ठेवून पट्टी न ताणता लावली. वहीत नोंद केली. काकांचा जुना दमा आहे, ते मधूनमधून खोकत होते. खोकला आला की पोटावर उशी दाबून धरायची, असं त्यांना करून दाखवलं. त्यांनी मान डोलावली, पण पुढचा खोकला आला तेव्हा उशी पायाशीच होती.

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला गेले. श्रावण होता. पाऊस नुकताच थांबलेला, आणि नदीपात्राकडून ढोल-ताशाच्या सरावाचा आवाज खिडकीतून येत होता. काका अंथरुणावर पडलेले, चेहरा जरा उतरलेला. सूनबाई म्हणाली, "आज ड्रेसिंग जास्त ओलं झालंय बहुतेक. बनियनपण भिजलं." मी चादर बाजूला केली. पॅड पूर्ण भिजून जड झालेलं, बनियन भिजलेलं आणि खाली चादरीवर हाताच्या पंजाएवढा ओला डाग. रंग फिकट गुलाबी. कोकम सरबतात पाणी जास्त झालं की दिसतं तसा. वास काहीच नाही. पट्टी सोडवली तर कातडीवरचे टाके जसेच्या तसे, एकही तुटलेला नाही, कडा एकमेकींना चिकटलेल्या, लाली नाही, पू नाही. मंगळवारी होती त्याहूनही जखम वरून स्वच्छ दिसत होती.

माझ्या हातांची गती तिथेच थांबली.

हे शिकवून कळत नाही, हे वॉर्डात बघावं लागतं. ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन दिवस जखमेतून थोडं पातळ पाणी आलं तर कुणी घाबरत नाही, ते रोज कमी होत जातं. पण जी जखम वाळत चालली आहे तिच्यातून साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान अचानक भरपूर गुलाबी पाणी आलं, आणि वरचे टाके शाबूत असले, तर ते पाणी वरच्या कातडीतून आलेलं नसतं. पोट शिवताना थरांनी शिवतात. कातडी वरचा थर, तिच्याखाली चरबी, आणि त्याखाली पांढरा चिवट पडदा. पोटाला खरं बळ त्या पडद्याचं. गादीची खोळ छान शिवलेली दिसावी आणि आतली शिवण उसवलेली असावी, तसं पोटाचंही होतं. आतल्या पडद्याचा दोरा सहसा तुटत नाही. दोरा मजबूत असतो, तो पडद्यालाच कापत जातो, उकडलेलं अंडं दोऱ्यानं कापतात तसा. खोकल्याच्या प्रत्येक झटक्याला थोडा थोडा. आणि पडदा सुटला की पोटातलं पाणी वाट मिळेल तिथून टाक्यांच्या फटींतून वर येतं. आमच्या वॉर्डात त्याला 'बर्स्ट' म्हणत. ते पाणी बघून सिनियर सिस्टर एकच प्रश्न विचारायच्या, "खोकताना काही सुटल्यासारखं वाटलं का?"

मी काकांना तेच विचारलं. ते म्हणाले, "दुपारी जोरात ढास लागली. तेव्हा आत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. दुखलं नाही फार. मग ओलं लागायला लागलं."

ड्रेसिंग बदलायला लागणारं सगळं सामान माझ्या समोर उघडं होतं. मला ते ड्रेसिंग करता आलं असतं, हे इथे सांगायला हवं, कारण त्या खाकी पिशवीवरचं वाक्य त्याच ठिकाणी येऊन अडतं. भिजलेलं पॅड काढून, पुसून, वर चार पदरी जाड पॅड दाबून बसवलं असतं तर घर निर्धास्त झालं असतं आणि रात्री दहापर्यंत ते पॅडही भिजलं असतं. पुसताना मी जोर दिला असता, किंवा आत किती खोल आहे ते बघायला चिमटा घातला असता, तर त्या खोलीत, त्या पलंगावर, आतडं बाहेर आलं असतं. मी यातलं काहीही केलं नाही. निर्जंतुक गॉझचं पाकीट उघडून ते सलाईननं ओलं केलं आणि जखमेवर नुसतं ठेवलं, वर कोरडं पॅड, सैल पट्टी. काकांना पाठीवर, डोक्याखाली एकच उशी देऊन झोपवलं, गुडघे दुमडून त्यांच्याखाली गादीची गुंडाळी दिली म्हणजे पोटावरचा ताण कमी होतो. उशी पोटावर त्यांच्या हातात दिली. "आता पाणीसुद्धा प्यायचं नाही," म्हटलं, कारण पोट पुन्हा उघडावं लागलं तर ते रिकामं हवं. नाडी मोजली, एकशे चार. बीपी ठीक, ताप नाही.

सूनबाई दारात उभी होती. "पू नाही ना पण? नुसतं पाणीच आहे ना?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "ताई, मग तुम्ही जाड ड्रेसिंग करून द्या ना. उद्या सकाळी हे ओपीडीत दाखवून आणतील." तिचा नवरा हिंजवडीहून निघालेला, कुठेतरी गर्दीत अडकलेला. त्याला फोन लावला तर तोही हेच म्हणाला, उद्या सकाळी पहिल्या नंबरला दाखवतो. त्यांची बाजू मला कळत होती. तीन दिवसांपूर्वी घरी आणलेला माणूस. बिलाचा आकडा अजून अंगातून गेलेला नाही. घरात नुकता कुठे दिवा लागून वरणभाताचा कुकर लावलेला. आणि एक बाई सांगते की परत घेऊन जा, ज्या जखमेतून पू नाही, रक्त नाही, जी वरून बघितली तर शहाणीसुरती दिसते.

मी त्याला सांगितलं, "मी डॉक्टर नाही, काय झालंय ते मी सांगणार नाही. पण हे उद्यावर जाऊ देणार नाही. मी आत्ता तुमच्या सर्जनच्या युनिटला फोन लावते, त्यांना जे दिसतंय ते सांगते, आणि ते म्हणतील ते करू." डिस्चार्ज कार्डावरच्या नंबरावर ड्युटीवरचा मुलगा लागला. त्याला मी 'बर्स्ट' हा शब्द उच्चारला नाही. आठवा दिवस, उभा छेद, तातडीचं ऑपरेशन, दम्याचा खोकला, दुपारपासून अचानक भरपूर गुलाबी पाणी, टाके शाबूत, नाडी १०४, ताप नाही, तोंडानं काही दिलेलं नाही. तिकडे दोन क्षण शांतता. मग तो म्हणाला, "सिस्टर, लगेच पाठवा. बसवून आणू नका, झोपवून आणा." मी फोन स्पीकरवर ठेवला होता. सूनबाईनं गॅस बंद केला.

१०८ ला फोन केला. गाडी आली तेव्हा साडेसात वाजले होते, रस्त्यावर नेहमीची संध्याकाळ. तोवर मी तिथेच बसून होते, दर दहा मिनिटांनी पट्टीच्या कडेवर पेननं रेघ ओढत, ओल कुठपर्यंत आली ते. काकू देवापाशी बसून काहीतरी पुटपुटत होत्या. ढोलाचा आवाज थांबून थांबून येत होता, मध्येच कुणीतरी चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. रात्री अकराला काकांना ऑपरेशनला घेतलं. आतला पडदा वितीपेक्षा थोडा कमी उसवला होता. आतडं वर कातडीपर्यंत येऊन थांबलं होतं. हे मला काकांच्या मुलानं दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं, आणि पुढे म्हणाला, "बरं झालं तुम्ही होतात." त्याच्या दुसऱ्या दिवशी ती पिशवी.

आमचं लहानपण शनिवार पेठेतल्या वाड्यात गेलं. तिथे खालच्या मजल्यावर एक कंपाउंडरकाका राहत. सगळ्या वाड्याला इंजेक्शनं तेच देत. स्टोव्हवर एका चपट्या पितळी डब्यात काचेची सिरिंज आणि सुया उकळत ठेवायचे. तो पाण्याचा बुडबुड आवाज आणि मग स्पिरिटचा थंड वास, हे दोन्ही एकत्र आले की आम्ही पोरं जिन्याखाली लपायचो. ते पैसे घेत नसत. संक्रांतीला गूळ-तीळ, दिवाळीला फराळाचं ताट, आजोळहून आंबे आले की त्यातले चार. मी नर्स झाले तेव्हा आईच्या मनात तेच होतं. "शेजाऱ्यापाजाऱ्यांचं बघ गं, त्याचे कसले पैसे घ्यायचे," असं तिनं मला सांगितलं होतं, आणि मी लग्न होऊन या भागात आले तेव्हा पहिली सात-आठ वर्षं तसंच करत राहिले. तिळगुळाच्या वड्या खूप आल्या. पण त्या वर्षांत मी कुणालाही नाही म्हटलं नाही, आणि त्यातल्या एका होकाराचं ओझं अजून माझ्यावर आहे.

वरच्या मजल्यावरचा मुलगा, चोवीस-पंचवीसचा. ताप होता. कुणा ओळखीच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलेलं अँटिबायोटिक वडील दुकानातून घेऊन आले, रात्री नऊला. शिरेतून द्यायचं, पाच दिवस. मी म्हटलं पहिला डोस दवाखान्यात घ्या. वडील म्हणाले, "ताई, आता कुठे जायचं? तुम्ही घरच्याच." त्या 'घरच्याच'नं मी विरघळले. हातावर कातडीत टेस्ट डोस दिला, वीस मिनिटं थांबले, गांधी आली नाही. मग व्हेनफ्लॉन लावून औषध सावकाश सोडलं. चौथ्या मिनिटाला तो म्हणाला, तळहात खाजतायत. मग मानेवर गांध्या, मग आवाज बसला, मग श्वासाला शिट्टी. माझ्याजवळ ॲड्रेनॅलिन नव्हतं. रिक्षातून त्याला जवळच्या दवाखान्यात नेईपर्यंतची दहा मिनिटं मी त्याचा हात धरून त्याच्याशी बोलत होते, आणि काय बोलत होते ते मला आठवत नाही. तिथे मांडीत इंजेक्शन दिलं आणि काही मिनिटांत तो श्वास घ्यायला लागला. त्याच्या आईवडिलांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी केळ्यांचा घड पाठवला. तो घड घरात पिकून काळा पडला, मला हात लावता आला नाही.

टेस्ट डोसला गांधी आली नाही म्हणजे पुढे काही होणार नाही, अशी हमी नसते. हे मला तेव्हाही पाठ होतं. भीड पाठ केलेल्या गोष्टीपेक्षा मोठी निघाली. त्या दिवसापासून अँटिबायोटिकचा पहिला डोस मी कुणाच्याही घरी देत नाही, माझ्या सख्ख्या दिराच्या घरीसुद्धा दिला नाही. डॉक्टरांचा कागद हवा, त्यावर तारीख, औषध, मात्रा आणि कुठून द्यायचं ते हवं, आणि पहिला डोस दवाखान्यात होऊन तसं कार्डावर लिहिलेलं हवं. पुढच्या डोसालाही कधीतरी अंगावर उठू शकतं, म्हणून दिल्यावर मी अर्धा तास बसते. बॅगेत आता डॉक्टरांनी लिहून दिलेली ॲड्रेनॅलिनची अँप्युल असते, एक मिलीची. मोठ्या माणसाला अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. आजवर फोडावी लागलेली नाही. दर महिन्याला तारीख बघते.

आणि त्याच महिन्यापासून मी पैसे घ्यायला लागले. दोन्ही गोष्टींचा संबंध तेव्हा माझ्या लक्षात आला नव्हता. फुकट करत होते तोवर मी 'घरची' होते, आणि घरच्या माणसानं कागद मागितला की लोकांना वाईट वाटतं. दर सांगितल्यावर लोक कागद आधीच काढून ठेवायला लागले. माझे दर असे आहेत: स्नायूतलं किंवा कातडीखालचं इंजेक्शन दीडशे, शिरेतलं अडीचशे कारण अर्धा तास बसणं त्यात आलं, ड्रेसिंग तीनशे. रात्री नऊनंतर शंभर जास्त. गॉझ, पॅड, हातमोजे, सलाईन हे घरच्यांनी माझ्या चिठ्ठीवर दुकानातून आणायचं, बिल त्यांच्याकडेच राहतं. एका औषधवाल्यानं मला मागे 'तुमचं काय ते बघू' असं सुचवलं होतं, तेव्हापासून मी चिठ्ठीवर दुकानाचं नाव सांगत नाही. चिमटे, कात्री, किडनी ट्रे माझे, दवाखान्यातल्या ऑटोक्लेव्हमधून बांधून आणलेले. वापरलेली सुई मी टोपण न लावता तशीच जाड प्लॅस्टिकच्या डब्यात टाकते आणि तो डबा आणि भिजलेलं गॉझ दोन्ही दवाखान्याच्या जैविक कचऱ्यात जातं. आमच्या इमारतीचा कचरा उचलणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताईंच्या बोटाला एकदा कुणाची तरी इन्सुलिनची सुई लागली होती. ते बोट मी धुतलं होतं, त्यांना तपासणीला घेऊनही गेले होते. पुढचे महिने त्या रिपोर्टची वाट बघत होत्या. म्हणून डबा माझाच, आणि त्याचे वेगळे पैसे नाहीत.

ज्यांना जमत नाही त्यांच्याकडून मी घेत नाही, पण ते मी ठरवते. वॉचमनच्या बायकोचं सिझरचं ड्रेसिंग केलं तेव्हा तिनं प्रत्येक वेळी एक वाटी भिजवलेले शेंगदाणे दिले आणि ते मी तिच्यासमोर बसून खाल्ले. आणि दुसऱ्या बाजूनं, जिथे गरज संपली तिथे मी ड्रेसिंग बंद करते. शिवलेली स्वच्छ जखम दोन दिवस कोरडी राहिली की पुष्कळदा तिला पट्टीची गरजच नसते. डॉक्टरांना विचारून मी तसं सांगितलं की लोक नाराज होतात. पट्टी दिसली की त्यांना उपचार चालू आहेत असं वाटतं. मागच्या वर्षी एका घरी गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजींनी, "तीनशे घे पण रोज बदल," असा हट्ट धरला होता. मी नुसती पिंढरी मोजायला जायचे, दोन्ही पायांची टेपनं, एक सुजून दुखायला लागली तर शिरेत गाठ झाल्याची शंका घ्यावी लागते म्हणून. त्याचे मी तेव्हा पैसे घेतले नाहीत. त्याला काय म्हणायचं तेच मला ठाऊक नव्हतं. ड्रेसिंग नाही, इंजेक्शन नाही. नुसतं बघणं.

इथे आल्यावर मला सूनबाईचं ते वाक्य पुन्हा वाचावंसं वाटलं. बॅगेच्या कप्प्यातून पिशवी काढून वाचलं. ड्रेसिंग पूर्ण झालं नाही म्हणून निम्मे. तिच्या हिशेबानं ते चूक नव्हतंच. दर मीच तिला सांगितला होता, ड्रेसिंगचे तीनशे. त्या दिवशी मी पुसलं नाही, टाक्यांना हात लावला नाही, जुन्याच्या जागी नवं बसवलं नाही. तास-सव्वा तास तिथे बसले, फोन केला, रेघा ओढल्या, आणि त्यांच्या घरातल्या माणसाला परत दवाखान्यात पाठवलं. माझ्या दरांत त्याला ओळच नव्हती. वर्षानुवर्षं मी बघण्याचे पैसे मागितले नाहीत, तर ते तिला कुठून कळावेत? हे कळूनही खुपायचं थांबलं नाही. माणूस वाचला त्याचे निम्मे, असं एक कडू वाक्य मनात यायचं आणि मी ते ढकलून द्यायचे, कारण वाचवलं त्या रात्री ऑपरेशन करणाऱ्यांनी. पण ते वाक्य भाजी चिरताना परत यायचं.

काका तेरा दिवसांनी घरी आले. यावेळी पोटावर कातडीच्या टाक्यांशिवाय चार जाड टेन्शन टाके, सगळे थर एकत्र धरून ठेवणारे, आणि दोरा कातडीत रुतू नये म्हणून प्रत्येकावर रबरी नळीचा तुकडा ओवलेला. कार्डावर पुन्हा एक दिवसाआड ड्रेसिंग. टेन्शन टाके दवाखान्यातच काढायचे होते. ते मी घरी काढत नाही. मुलगा मला बोलवायला आला तेव्हा मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि एक कागद दिला. त्यावर पूर्वीचे दर होते आणि एक ओळ नवीन: घरी येऊन तपासून बघणं, तीनशे, ड्रेसिंग केलं तरी आणि नाही केलं तरी. खाली मी काय करत नाही तेही लिहिलं होतं, तीन ओळींत. पहिला डोस नाही, कागदाशिवाय औषध नाही, जखमेत काही उघडणं-शोधणं नाही. त्यानं वाचलं आणि म्हणाला, "बरोबर आहे." पिशवीबद्दल तो काही बोलला नाही. त्याला ठाऊक होतं की नाही, मला कळलं नाही. मीही विषय काढला नाही.

पहिल्या संध्याकाळी गेले तेव्हा सूनबाईनं दार उघडलं, आणि आम्ही दोघी जरा अवघडलो. तिनं स्टूल पुढे केलं, हात धुवायला नवा साबण ठेवला होता. काकांचा खोकला बराच कमी झालेला, उशी आता हातातच. काकू पलंगाच्या पलीकडे मोबाइलचा टॉर्च धरून उभ्या राहिल्या. मी पट्टीचं टोक सोडवायला लागले तशा त्या खाली वाकल्या, मी बघायच्या आधी त्यांनी चादरीवर हात फिरवला, मग काकांच्या बनियनच्या कडेवरून, आणि हात उजेडात धरून बोटं एकमेकांवर घासून पाहिली.

"पाणी नाही ना गं?" त्यांनी मला विचारलं.

मी गॉझ उचललं. पलटून दोन्ही बाजूंनी टॉर्चखाली धरलं. खालच्या टोकाला तांदळाएवढा तपकिरी डाग, तोही वाळलेला. नाकाशी नेऊन वास घेतला, आणि मग काकूंकडे दिलं. त्यांनीही ते नाकाशी नेलं.